चाळीस एचपीचा ब्लोअर: डीओएल काढून स्टार-डेल्टा बसवताना

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फाउंड्री. कपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, हवा देणारा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर, त्यावर ४० एचपीची म्हणजे ३० किलोवॅटची, ४१५ व्होल्ट, १४७० आरपीएमची मोटर. नेमप्लेटवर फुल लोड करंट ५४ अँपिअर. शेडला १०० केव्हीएची डीपी आणि डीपीपासून पॅनेलपर्यंत ८० मीटर ३५ स्क्वेअरची अ‍ॅल्युमिनियम केबल. मोटर डीओएलवर होती, म्हणजे बटण दाबताच थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होणारी. ब्लोअरचं हिरवं बटण दाबलं की ट्यूबलाईट फडफडायच्या, लेथचा कॉन्टॅक्टर होल्ड सोडायचा आणि चालू जॉबवर टूलचा व्रण उमटायचा. ब्लोअर मात्र बिनतक्रार सुरू व्हायचा. त्याच्या सुरू होण्याचा त्रास बाकीच्या मशीनना होत होता.

कामाची सुरुवात मोजमापापासून केली. साध्या टाँग टेस्टरचा आकडा सुरुवातीच्या झटक्यात स्थिर होत नाही, म्हणून इनरश पकडणारा मीटर लावला. एका फेजवर ३०५ अँपिअर आले आणि ते जवळपास तसेच सात सेकंद टिकले. शेवटच्या दोन सेकंदांत करंट झपकन खाली आला. पॅनेलवरचं व्होल्टेज ४१५ वरून ३६० वर गेलं होतं.

एवढा करंट का लागतो? मोटर उभी असते त्या क्षणी ती म्हणजे सेकंडरी शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मरच. स्टेटरचं फिरतं क्षेत्र रोटरच्या बारवरून पूर्ण वेगाने जातं, बारमध्ये पूर्ण ५० हर्ट्झचं व्होल्टेज तयार होतं आणि बार तर दोन्ही टोकांना रिंगने जोडलेले असतात. रोटर वेग घेतो तसा हा फरक कमी होतो, पण करंट त्या प्रमाणात उतरत नाही. साधारण ७५-८० टक्के वेग येईपर्यंत तो वरच रेंगाळतो आणि मग कोसळतो. सात सेकंद वर, दोन सेकंदांत खाली, हे मीटरवर दिसलं ते यामुळेच. हा आकार डोक्यात पक्का ठेवायचा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक चूक तिथूनच निघते.

या मोटरचा उभ्या स्थितीतला करंट फुल लोडच्या साडेसहापट, म्हणजे ४१५ व्होल्टला साधारण ३५० अँपिअर. मीटरवर ३०५ आले, कारण तोवर व्होल्टेजच पडलेलं होतं. डीपीचा ४३३ व्होल्टला पूर्ण करंट १३३ अँपिअर आणि तिचा इंपिडन्स साडेचार टक्के. ३०५ अँपिअर म्हणजे डीपीच्या क्षमतेच्या सव्वादोनपट, त्यामुळे डीपीच्या आतच ४५ व्होल्टच्या आसपास गेले. उरलेले दहा-पंधरा केबलने खाल्ले. केबल जाड करून हा प्रश्न सुटला नसता. घट मुख्यतः डीपीत होती.

आता स्टार-डेल्टाचा हिशेब. मोटर चालताना डेल्टात असते, म्हणजे प्रत्येक वायंडिंगवर पूर्ण ४१५ व्होल्ट. तीच तीन वायंडिंग सुरुवातीला स्टारमध्ये जोडली की प्रत्येकीवर ४१५ भागिले वर्गमूळ तीन, म्हणजे २४० व्होल्ट येतात. वायंडिंगमधला करंट २०२ वरून ११७ वर येतो. इथवर घट फक्त १.७३ पटीची झाली. दुसरी १.७३ जोडणीतून मिळते. डेल्टात लाईनच्या एका वायरवर दोन वायंडिंग लटकलेली असतात, म्हणून लाईनचा करंट वायंडिंगच्या १.७३ पट, स्टारमध्ये एका वायरवर एकच वायंडिंग, म्हणून लाईन आणि वायंडिंगचा करंट एकच. दोन्ही घटी मिळून तीनपट. लाईनवर ३५० च्या जागी ११७.

टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने जातो, त्यामुळे तोही एक तृतीयांश होतो. डीओएलवर ही मोटर उभ्या स्थितीत फुल लोडच्या दुप्पट टॉर्क देते. स्टारमध्ये उरतो ६६ टक्के. करंटमधली बचत या टॉर्कच्या बदल्यात मिळते, आणि यंत्राला तेवढा टॉर्क पुरतो का, हे स्टार्टर विकत घेण्याआधी पाहायचं असतं. ब्लोअर जागेवरून सुटायला तो पुरतो, कारण पंख्याचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो आणि सुरुवातीला जवळपास शून्य असतो.

मोटरची नेमप्लेट आधी वाचली. ४१५ व्होल्ट, डेल्टा. हे नसेल तर पुढचं काहीच करू नये. साधारण ३ एचपीपर्यंतच्या बऱ्याच मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्येच चालायच्या असतात. त्यांना डेल्टात टाकलं तर वायंडिंगवर पावणेदोनपट व्होल्टेज येतं आणि मोटर जळते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं हवीत: U1, V1, W1 आणि U2, V2, W2. जुन्या मोटरींवर A1, B1, C1 आणि A2, B2, C2 असं असतं. बॉक्समधल्या पितळी पट्ट्या काढायच्या. डेल्टाच्या पट्ट्या राहिल्या आणि स्टार कॉन्टॅक्टर लागला, तर तीन फेज थेट एकमेकांत शॉर्ट होतात. वायरमन घाईत असला की हे होतं, आणि त्याचा आवाज विसरता येत नाही. पट्ट्या काढल्यावर मल्टिमीटरने U1-U2, V1-V2, W1-W2 या जोड्या तपासल्या आणि प्रत्येक जोडी दुसरीपासून आणि बॉडीपासून वेगळी आहे हे मेगरने पाहिलं. रिवाइंड होऊन आलेल्या मोटरीचे टॅग डोळे झाकून खरे मानू नयेत.

पॅनेलमध्ये तीन कॉन्टॅक्टर: मेन, डेल्टा आणि स्टार. मेन आणि डेल्टातून वायंडिंगचाच करंट जातो, म्हणजे ५४ चे ५८ टक्के, ३१ अँपिअर. हे दोन एसी-३ रेटिंगचे ४० अँपिअरचे घेतले. स्टारमधून एक तृतीयांश जातो, तो २५ चा पुरला. मोटरकडे दोन थ्री-कोअर केबल जातात, आणि त्याही पूर्ण ५४ अँपिअरच्या हिशेबाने घ्याव्या लागत नाहीत.

ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली बसतो, म्हणजे तोही वायंडिंगचा करंट मोजतो. सेटिंग ५४ × ०.५८ = ३१ अँपिअर. नेमप्लेट पाहून रिले ५४ वर ठेवलेली पॅनेलं सर्रास दिसतात. तसं केलं तर मोटर ९३ अँपिअर लाईन करंट खात राहिली तरी रिले गप्प बसतो, आणि वायंडिंगचा वास आल्यावरच सगळ्यांना कळतं.

स्टारची टोकं सोपी असतात: U2, V2, W2 स्टार कॉन्टॅक्टरवर एकत्र. डेल्टाची टोकं मात्र दोन तऱ्हांनी लावता येतात. दोन्हीत मोटर त्याच दिशेने फिरते, पण बदलाचा झटका सारखा नसतो. आम्ही हे लावलं:

```
L1 -> U1, V2
L2 -> V1, W2
L3 -> W1, U2
```

स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत मोटर क्षणभर मोकळी असते. त्या वेळात रोटरमध्ये चुंबकत्व शिल्लक असतं आणि रोटर मंदावत असल्यामुळे त्याचं व्होल्टेज सप्लायच्या मागे पडत जातं. वरच्या जोडणीत वायंडिंगला मिळणारं डेल्टाचं व्होल्टेज स्टारमधल्यापेक्षा ३० अंश मागे असतं, म्हणजे मागे पडलेल्या रोटरच्या जवळ. दुसऱ्या जोडणीत (U1-W2, V1-U2, W1-V2) ते ३० अंश पुढे जातं, फरक वाढतो आणि झटकाही. गंमत अशी की टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या कायम याच दुसऱ्या पद्धतीने बसतात. त्या पाहून वायर ओढल्या की मोटर चालते, पण दर वेळी बदलताना जरा जास्तच दणका देते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

एक वायर चुकून त्याच वायंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज गेला, उदाहरणार्थ U1 आणि U2 दोन्ही L1 वर, तर स्टारमध्ये सगळं छान चालतं आणि डेल्टा लागताच मोटर गुरगुरते. एक वायंडिंग शून्य व्होल्टवर असतं आणि उरलेली दोन सिंगल फेजवर. ‘स्टारमध्ये बरोबर चालते, डेल्टात गुरगुरते’ ही तक्रार आली की आधी हीच तीन टोकं तपासावीत.

टायमर स्टार-डेल्टाचाच घेतला. साधा ऑन-डिले टायमर लावून काम भागवणारे आहेत, पण खऱ्या स्टार-डेल्टा टायमरमध्ये स्टार सुटल्यावर आणि डेल्टा लागण्याआधी साधारण ५० मिलिसेकंदांचा विराम असतो. स्टार कॉन्टॅक्टरमधला आर्क विझायला तो वेळ लागतो. आर्क जिवंत असताना डेल्टा लागला तर त्या आर्कमधूनच फेज शॉर्ट होतात. शिवाय स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमध्ये इलेक्ट्रिकल इंटरलॉक आणि मेकॅनिकल इंटरलॉक, दोन्ही लावले. स्टारचे कॉन्टॅक्ट कधी चिकटलेच तर मेकॅनिकल इंटरलॉक डेल्टाला आत जाऊ देत नाही.

पहिल्या चालूवर टायमर ८ सेकंदांवर होता, डीओएलच्या वेळेवरून अंदाजाने ठेवलेला. बटण दाबलं, करंट १११ अँपिअर, व्होल्टेज ३९५. दिवे हलले नाहीत. आठव्या सेकंदाला डेल्टा लागला आणि धाडकन २५० अँपिअर, दिवे पुन्हा मंद. शेडमधल्या कोणालाही वाटलं असतं की स्टार-डेल्टाने काही फायदा होत नाही.

टॅकोमीटर शाफ्टवर धरल्यावर कारण दिसलं. आठ सेकंदांत मोटर कशीबशी ९०० आरपीएमला पोचत होती. त्या वेगावर करंट अजून वरच असतो, म्हणून डेल्टा लावणं म्हणजे उशिराने केलेलं डीओएलच. टायमर १५ सेकंदांवर नेला, मग २५ वर नेला. वेग ११५० च्या आसपास जाऊन तिथेच थांबला. पंख्याला त्या वेगावर जितका टॉर्क लागत होता तितकाच मोटर स्टारमध्ये देऊ शकत होती. मिनिटभर थांबलं असतं तरी वेग वाढला नसता, फक्त मोटर तापली असती.

उपाय हवेच्या मार्गात होता. ब्लोअरच्या डक्टमधला डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, पूर्ण उघडा ठेवून सुरू करायची सवय होती. डँपर बंद केला की सेंट्रिफ्यूगल पंखा हवा पुढे ढकलत नाही, त्यामुळे त्याला लागणारी पॉवर निम्म्याच्या आसपास येते. डँपर बंद ठेवून तीच मोटर २२ सेकंदांत १४०० च्या वर गेली आणि स्टारमधला करंट स्वतःहून खाली उतरलेला दिसला. टायमर २२ वर लावला. डेल्टा लागताना काटा जरासा उसळतो, पण दिवे हलत नाहीत. डेल्टा लागल्यावर डँपर हळूहळू उघडायचा. एक इशारा: हे सेंट्रिफ्यूगल ब्लोअरपुरतंच. रूट्स प्रकारचा ब्लोअर असेल तर त्याची बाहेरची वाट बंद करून चालवायचं नाही. तो हवा दाबत राहतो आणि काहीतरी फुटतं. तिथे सुरू करताना बायपास उघडा ठेवतात.

टायमर कुठे लावायचा याचा नियम सेकंदांत सांगता येत नाही. स्टारमध्ये करंट उतरून स्थिरावला आणि वेग ९० टक्क्यांच्या जवळ आला की तो क्षण. त्याहून लवकर केलं तर झटका, फार उशिरा केलं तर भार स्टारवरच ओढला जातो.

२२ सेकंदांमुळे नवीन अडचण आली. स्टारमध्ये रिलेतून १११ अँपिअर जातात, म्हणजे ३१ च्या सेटिंगच्या साडेतीनपट. क्लास १० चा रिले थंड असताना हे झेलत होता, पण दहा मिनिटांत दुसऱ्यांदा सुरू केलं की स्टारमध्येच ट्रिप व्हायचा. अशा वेळी सेटिंग वाढवायचा मोह होतो. आम्ही सेटिंग ३१ वरच ठेवून रिले क्लास २० चा, म्हणजे त्याच करंटला जास्त उशिरा ट्रिप होणारा घेतला. ३० सेकंदांहून लांब सुरुवात असती तर क्लास ३० पाहावा लागला असता, आणि मोटर ते झेलते का हे मोटरवाल्याला विचारावं लागलं असतं.

त्याच शेडमध्ये वाळू मळायचा ३० एचपीचा सँड मिक्सर होता, २२ किलोवॅट, ४० अँपिअर. त्यालाही स्टार-डेल्टाच लावू, असं मालकाचं म्हणणं. इथे ते चाललं नसतं. वीज गेली की मिक्सर ओल्या वाळूने भरलेला थांबतो, आणि पुन्हा सुरू होताना त्याला फुल लोडच्या ८० टक्के टॉर्क हवा असतो. स्टारमध्ये मिळतो ६६. मोटर न फिरता जागेवर नुसती गुणगुणत राहते, टायमर संपतो आणि डेल्टा पूर्ण झटक्याने लागतो.

इथे सॉफ्ट स्टार्टर घेतला. त्यात प्रत्येक फेजवर उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर असतात. ते प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवून उरलेलाच मोटरला देतात, आणि अडवणं हळूहळू कमी करत नेतात. मोटर पूर्ण वेळ डेल्टातच असते, तीनच वायरी, मध्ये सुटण्याचा क्षण नाही, म्हणून बदलाचा झटकाही नाही.

पण सॉफ्ट स्टार्टर म्हणजे ‘कमी करंटला जास्त टॉर्क’ अशी समजूत असेल तर ती चूक आहे. लाईन करंट व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतो आणि टॉर्क वर्गाने. व्होल्टेज निम्मं केलं तर करंट निम्मा आणि टॉर्क पाव. स्टार-डेल्टात करंट एक तृतीयांश झाला तरी टॉर्कही एक तृतीयांश राहतो. म्हणजे उभ्या मोटरीला लाईनच्या दर अँपिअरमागे स्टार-डेल्टाच जास्त टॉर्क देतो. सॉफ्ट स्टार्टरची ताकद वेगळी: तो ३३ टक्क्यांना बांधलेला नाही. मधला कोणताही आकडा घेता येतो.

मिक्सरचा हिशेब असा. डीओएलवर टॉर्क २०० टक्के, हवा ८०. गुणोत्तर ०.४, त्याचं वर्गमूळ ०.६३. म्हणजे ६३ टक्के व्होल्टेज, आणि करंट साडेसहाच्या ६३ टक्के, फुल लोडच्या ४.१ पट. थोडी सूट ठेवून करंट लिमिट ४५० टक्क्यांवर ठेवली, म्हणजे १८० अँपिअर. डीओएलवर तेच २६० असते. सुरुवातीचं व्होल्टेज ४० टक्के, रॅम्प ८ सेकंद. लिमिट ३०० ठेवून पाहिली होती. मिक्सर हलला नाही, नुसता गुणगुणला आणि स्टार्टरने ‘सुरुवात लांबली’ म्हणून ट्रिप दिला. मोटर हलत नसताना रॅम्प वाढवून उपयोग नसतो, लिमिट वाढवावी लागते.

दोन गोष्टी इथे नेमक्या चुकतात. पहिली, पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर मोटरच्या टर्मिनलवर लावलेला असतो आणि सॉफ्ट स्टार्टर घालताना तो तिथेच राहतो. थायरिस्टरच्या पुढे कपॅसिटर आला की त्याचा चार्जिंग करंट थायरिस्टर फोडतो. कपॅसिटर सॉफ्ट स्टार्टरच्या आधी, सप्लायच्या बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर घ्यायचा. दुसरी, बंद सॉफ्ट स्टार्टरच्या आउटपुटवर टेस्टर लावला तर व्होल्टेज दिसतं. थायरिस्टर पूर्ण तोडत नाही, थोडा करंट गळतो. म्हणून बटण बंद आहे एवढ्यावर मोटरला हात लावायचा नाही, आयसोलेटर उघडायचा. मोटरला मेगर करायचा असेल तेव्हाही स्टार्टरच्या आउटपुट वायरी आधी सोडायच्या.

मोटर वेगात आली की बायपास कॉन्टॅक्टर थायरिस्टर बाजूला करतो, नाहीतर ते दिवसभर पॅनेल तापवत राहतात. छोट्या मॉडेलमध्ये बायपास आतच असतो. विकत घेताना तासाला किती सुरुवाती आणि किती सेकंदांच्या, हे अँपिअरइतकंच विचारावं. ४.५ पट करंट १० सेकंद झेलणारं मॉडेल पंपाच्या हलक्या सुरुवातीसाठी दिलेल्या ४० अँपिअरच्या मॉडेलपेक्षा एक साइज मोठं येतं.

मालकाचा शेवटचा प्रश्न बिलाचा होता. यातून बिल कमी होत नाही. डीओएलच्या ३०५ अँपिअरचे ३६० व्होल्टला १९० केव्हीए होतात, पण मागणी मीटर काही मिनिटांची सरासरी धरतो. ३० मिनिटांच्या सरासरीत ते नऊ सेकंद एक केव्हीएसुद्धा भरत नाहीत. वाचतात त्या लेथवरच्या जॉब, बेल्ट, कॉन्टॅक्टर आणि डीपी बदलून मागायची वेळ.

वीज गेल्यावर सगळ्या मशीन एकदम उठू नयेत म्हणून ब्लोअर आणि मिक्सर दोन्ही पुशबटणावर ठेवले आहेत, आपोआप परत सुरू न होणारे. आधी मिक्सर, तो वेगात आल्यावर ब्लोअर, आणि त्याआधी डँपर बंद. पॅनेलच्या दारावर ऑइल पेंटने तीनच आकडे लिहिले आहेत: टायमर २२, रिले ३१, मिक्सर ४५०.